डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी पुस्तक निवडताना आधी शंभर शब्द ऐका

प्रश्न: "माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, डिस्लेक्सियाचं निदान झालंय. गोष्टी ऐकायला त्याला फार आवडतं, पण पुस्तक हातात दिलं की दोन पानांत मिटून ठेवतो. सोपी पुस्तकं आणली तर 'ही बाळांची आहेत' म्हणतो. डिस्लेक्सियासाठीच्या खास फॉन्टमधली पुस्तकं घ्यावीत का? किती पानांचं पुस्तक घ्यावं? ऑडिओ लावून दिला तर तो वाचणंच सोडून देईल अशी भीती वाटते."

मी वाचनात अडखळणाऱ्या मुलांसोबत काम करणारी विशेष शिक्षिका आहे. असे पालक माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक घरांत एकच गोंधळ दिसतो. एकाच पुस्तकाने दोन कामं करावीत अशी अपेक्षा असते. त्याने मुलाच्या डोक्याला खाद्य पुरवावं आणि त्याच वेळी अक्षरं उलगडण्याचा सरावही करून घ्यावा. तुमच्या मुलाचं डोकं नऊ वर्षांच्या मुलाचं आहे, कदाचित त्याच्याही पुढचं असेल. अक्षरं उलगडण्याचा वेग मात्र अजून सहा-सात वर्षांच्या मुलासारखा असू शकतो. दोन्ही गरजा एका पुस्तकात क्वचितच भागतात. म्हणून मी सरळ दोन वेगळी पुस्तकं निवडायला सांगते, एक कानाचं आणि एक डोळ्याचं. कानाच्या पुस्तकाला अवघडपणाची मर्यादा नको, त्याला समजतं आणि आवडतं एवढं पुरे. खरी निवड करावी लागते ती डोळ्याच्या पुस्तकाची, आणि या उत्तराचा बराचसा भाग त्याबद्दलच आहे.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. त्याचं अडखळणं मुळाक्षरांत आहे, काना-मात्रा-वेलांटीत आहे की फक्त जोडाक्षरांत, यावर बरंच अवलंबून असतं. सोबत लक्ष टिकण्याची अडचण असेल तर लांबीचं गणित बदलतं. नजर तपासली नसेल तर ती आधी तपासून घ्या. चष्म्याने डिस्लेक्सिया जात नाही, पण अंधुक दिसत असेल तर त्याचा त्रास वेगळा. मी मराठी वाचनाबद्दल बोलते आहे, कारण देवनागरीत अडचणीच्या जागा वेगळ्या असतात आणि या विषयावरचे बहुतेक सल्ले रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात.

पुस्तक घेण्यापूर्वी त्यातले शंभर शब्द मुलाकडून वाचून घ्यायचे. पहिलं पान घेऊ नका. ते बरेचदा मुद्दाम सोपं लिहिलेलं असतं. मधलं एखादं पान उघडा, शंभर शब्द मोजा आणि त्या पानाचा फोटो किंवा झेरॉक्स स्वतःजवळ ठेवा. तो मोठ्याने वाचत असताना मध्ये दुरुस्त करू नका. एखाद्या शब्दावर चार-पाच सेकंद थांबला तर शब्द सांगून टाका आणि ती चूक धरा. स्वतःहून सुधारलेला शब्द चूक नाही, पण तिथे बारीक खूण करून ठेवा. पात्राचं नाव दहादा चुकलं तरी एकदाच मोजा. वेळही लिहून ठेवा.

एमेट बेट्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये या मोजणीच्या मर्यादा सुचवल्या होत्या आणि त्या आजही वापरात आहेत. शंभरातले नव्व्याण्णव शब्द बरोबर आले तर मूल ते पुस्तक एकटं वाचू शकतं, पंच्याण्णवच्या आसपास आले तर कुणाच्या तरी मदतीने, आणि नव्वदच्या खाली गेलं तर ते पुस्तक त्याला थकवणार. हे आकडे इंग्रजी वाचनातून आलेले आहेत. मराठीत एका शब्दात बरंच काही भरलेलं असतं. 'घर' वाचणं वेगळं आणि 'घरातल्यांनासुद्धा' वाचणं वेगळं, पण मोजताना दोन्ही एकेकच शब्द. म्हणून मी आकड्याकडे बघून नुसतं हो-नाही ठरवत नाही. चुका कुठल्या जातीच्या आहेत ते बघते, आणि पुस्तकाचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

एक उदाहरण सविस्तर सांगते. दहा वर्षांची एक मुलगी होती, समुद्रातल्या प्राण्यांचं वेड असलेली. आम्ही तीन पुस्तकं समोर ठेवली. पहिली एक साहसकथा होती, तिच्या वर्गातल्या मुली वाचत होत्या ती. शंभर शब्दांत सतरा चुका झाल्या आणि त्या सगळीकडे विखुरलेल्या होत्या. कुठे वेलांटी, कुठे रफार, कुठे अख्खा शब्दच अंदाजाने म्हटलेला. दुसरं होतं मोठ्या चित्रांचं, दर पानावर एक वाक्य असलेलं पुस्तक. त्यात एकच चूक, पण तिसऱ्या पानावर तिने ते माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "हे माझ्या भावाला द्या." तिसरं पुस्तक समुद्री जीवांच्या माहितीचं, छोट्या छोट्या परिच्छेदांचं. त्यात आठ चुका आल्या आणि साडेतीन मिनिटं लागली. नुसता आकडा बघितला असता तर हेही अवघड म्हणून बाजूला ठेवावं लागलं असतं.

पण त्या आठ चुका मांडून बघितल्या. 'पाण्यात'चं तिने 'पाणात' केलं होतं, 'माशाच्या'चं 'माशाचा', 'त्याच्या'चं 'ताचा', आणि 'शिंपल्यात' व 'बसल्यावर' यांचीही तीच गत. आठपैकी पाच चुका 'य'ला जोडलेल्या अक्षराच्या होत्या. उरलेल्या तीन होत्या 'ऑक्टोपस', 'वर्तुळ' आणि 'पृष्ठभाग'. म्हणजे हे पुस्तक आठ ठिकाणी अवघड नव्हतं. एकाच ठिकाणी अवघड होतं, आणि तीन शब्द आधी सांगून ठेवण्यासारखे होते. ण्य, च्य, ल्य, त्य ही मंडळी मराठीत विभक्ती लागली की पावलोपावली भेटतात, त्यामुळे ती शिकणं कधी वाया जात नाही. आठवडाभर आम्ही त्याच पुस्तकातले असे शब्द घेऊन सराव केला. आधी 'पाणी', मग 'पाण्यात', मग 'पाण्यातला'. त्यानंतर त्याच पुस्तकातल्या दुसऱ्या शंभर शब्दांत चार चुका झाल्या. पुस्तक तेच होतं, पण आता ते तिच्या हातातलं झालं होतं. शिवाय ऑक्टोपसला तीन हृदयं असतात हे तिच्या वर्गात तिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे पुस्तक 'बाळांचं' असण्याचा प्रश्न परस्पर मिटला.

तेव्हा माझी मोजपट्टी अशी आहे: चुका एका-दोन कुटुंबांत गोळा झाल्या असतील तर शंभरात सात-आठ चुका असलेलं पुस्तकही घ्यावं, कारण ते कुटुंब शिकवता येतं. चुका विखुरलेल्या असतील तर सहा चुका असूनही मी ते पुस्तक त्याच्या कानाच्या यादीत टाकते.

'वयोगट ८ ते १०' असं मुखपृष्ठावर छापलेलं असतं, त्यावर फारसं जाऊ नका. ते वय विषयाचं असतं, अक्षरांचं नसतं. हे वाक्य बघा: 'संध्याकाळच्या मंद प्रकाशात विद्यार्थ्यांचा उत्साह ओसंडून वाहत होता.' आठ शब्द आणि सहा जोडाक्षरं. आता हे बघा: 'ऊन उतरलं आणि मुलं ओरडत मैदानाकडे पळाली.' सात शब्द, एकही जोडाक्षर नाही, आणि दुसऱ्या वाक्यात काही बाळबोध आहे असं कुणी म्हणणार नाही. तुम्हाला शोधायचं आहे ते असं लेखन. विषय त्याच्या वयाचा, वाक्यं छोटी, बोलीला जवळची, आणि जोडाक्षरं एका पानावर मोजकी. माहितीची पुस्तकं, कोडी, विनोद, संवादरूपात लिहिलेल्या गोष्टी यांत ते जास्त सापडतं. कादंबरीसारख्या वर्णनपर लेखनात कमी सापडतं, आणि मुलांसाठी म्हणून मुद्दाम नटवलेल्या भाषेत तर फारच कमी.

एक सावधगिरी घ्या. चित्र आणि वाक्य अगदी जुळणारं असेल तर मूल चित्रावरून वाक्य ओळखतं आणि आपल्याला वाटतं, वाचलं. पारखायला सोपं आहे. चित्रावर हात ठेवून तेच वाक्य परत वाचायला सांगा. हात ठेवल्यावर वाचन ढासळत असेल तर ते पुस्तक डोळ्याच्या सरावाला उपयोगी नाही. चित्रकथांचंही तसंच. विषय छान असतात, पण फुग्यांतला मजकूर बरेचदा बारीक, हस्ताक्षरासारखा आणि दाटीवाटीने कोंबलेला असतो. फुग्यांतली अक्षरं मोकळी असतील तर जरूर घ्या.

आता पानाच्या मांडणीकडे येऊ. देवनागरीत ओळींमधली जागा मी सगळ्यात आधी बघते. रोमन लिपीत अक्षरांच्या वर-खाली सहसा वेगळी चिन्हं नसतात, आपल्याकडे मात्र मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार वर जातात आणि उकार खाली लोंबतात. ओळी जवळजवळ असल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो आणि मुलाला कळत नाही की हे चिन्ह कुणाचं. पुस्तक उघडून वरच्या ओळीत 'कु' किंवा 'मू' शोधा आणि त्याच्या बरोबर खाली एखादी मात्रा किंवा रफार येतो का बघा. दोघांच्या मधे स्पष्ट पांढरी पट्टी दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर बाकी काही तपासायची गरज नाही.

त्यानंतर अक्षराचा आकार. पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका, कारण एका फॉन्टचं १६ पॉइंट दुसऱ्या फॉन्टच्या १४ इतकंच दिसू शकतं. पट्टीने 'म' मोजा. साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर उंच असेल तर माझ्याकडच्या बहुतेक मुलांना पुरतो. आकार का महत्त्वाचा, त्याचं कारण आपल्या लिपीतच आहे. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध', 'य' आणि 'थ' या जोड्या नीट बघा. यांच्यातला मोठा फरक शिरोरेषेत आहे. एकाची रेषा सलग जाते, दुसऱ्याची डावीकडे तुटते. बारीक छपाईत ती फट शाईने भरून जाते, आणि मग चुकीचं वाचणाऱ्या मुलाला दोष देण्यात अर्थ उरत नाही. मोठं अक्षर म्हणजे नुसती सोय नव्हे, ती फट दिसू लागते.

ओळीत सहा ते आठ शब्द असले की डोळा पुढची ओळ चुकत नाही. दोन्ही कडा सारख्या केलेल्या मजकुरात, विशेषतः अरुंद रकान्यात, मराठीचे लांब शब्द बसवण्यासाठी शब्दांमधल्या जागा कुठे ताणल्या तर कुठे आवळल्या जातात, म्हणून उजवी कड वेडीवाकडी सोडलेलं पान बरं. ओळीच्या शेवटी शब्द तोडलेले असतील तर ते पुस्तक टाळा. 'विद्या' इथे आणि 'र्थी' पुढच्या ओळीत, हे अडखळणाऱ्या मुलासाठी फार आहे. चित्रावर छापलेला मजकूर, पलीकडचं पान आरपार दिसणारा पातळ कागद, दिव्याखाली चकाकणारा गुळगुळीत कागद, हे सगळं पान हातात धरल्याबरोबर कळतं. रंगीत काचा किंवा पारदर्शक रंगीत पट्ट्या यांबद्दल कुणी सांगितलं तर त्यावर पैसे घालवू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्रित निवेदनात म्हटलं होतं की त्यांच्या उपयोगाला पुरेसा पुरावा नाही. पांढऱ्याऐवजी किंचित पिवळसर कागद त्याला आवडत असेल तर घ्या, डोळ्यांना बरं वाटतं एवढंच.

मग खास फॉन्ट? माझं उत्तर आहे, त्यासाठी वेगळं पुस्तक शोधू नका. डिस्लेक्सी हा फॉन्ट ख्रिश्चन बूर या डच डिझाइनरने बनवला, तो स्वतः डिस्लेक्सिक आहे. ओपनडिस्लेक्सिक त्यानंतर आला. अक्षरांचे तळ जाड केले की ती उलटी-सुलटी दिसणार नाहीत, ही दोन्हींमागची कल्पना. पण डिस्लेक्सियाचं मूळ अक्षरं उलटी दिसण्यात नसून, अक्षर आणि ध्वनी यांची सांगड पटकन न बसण्यात असतं. अभ्यासांत या फॉन्टांचा ठोस फायदा दिसला नाही. २०१६ मधल्या एका अभ्यासात डिस्लेक्सी फॉन्टने थोडा वेग वाढला होता, पण साध्या फॉन्टमध्ये तेवढीच जागा सोडल्यावर तो फरक नाहीसा झाला. काम करत होती ती मोकळी जागा. २०१२ मध्ये इटालियन आणि फ्रेंच मुलांवर झालेल्या अभ्यासातही नुसती अक्षरांमधली जागा वाढवल्यावर मुलं अधिक वेगाने आणि कमी चुका करत वाचू लागली.

हे वाचून काही पालक घरी मजकूर टाइप करतात आणि अक्षरांमधली जागा वाढवतात. देवनागरीत हे करू नका. बऱ्याच ठिकाणी तसं केलं की शिरोरेषा तुटते, आणि मघाशी सांगितलं तसं, आपल्याकडे शिरोरेषेतली फट म्हणजे अक्षराची ओळख. प्रत्येक अक्षरापाशी खोटी फट तयार झाली की 'म' आणि 'भ'मधला फरक आपणच पुसून टाकतो. शिवाय 'शब्द कुठे संपला' हेही कळेनासं होतं. मराठीत जागा द्यायची ती शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये. घरी छापणार असाल तर Mukta किंवा Noto Sans Devanagari असा एकसारख्या जाडीचा साधा फॉन्ट घ्या, ओळींमधली जागा दीडपट ते पावणेदोनपट ठेवा आणि शब्दांमध्ये एकाऐवजी दोन स्पेस द्या.

पुस्तकातला फॉन्ट पारखायचा असेल तर मी मूठभर अक्षरं शोधते. 'ख' हा 'रव' वाटत नाही ना? 'द्य' आणि 'ध' वेगळे दिसतात ना? 'द्ध' कसा छापलाय? काही पुस्तकांत तो एकाखाली एक रचलेला असतो, काहींत पाय मोडून शेजारी लिहिलेला. दोन्ही चालतं, पण मुलाला जसा शिकवलाय तसाच असावा. 'ि' आणि रफार मात्र कुठल्याही फॉन्टने सोपे होत नाहीत. पहिली वेलांटी आधी दिसते आणि नंतर उच्चारली जाते. रफार पुढच्या अक्षरावर बसतो आणि आधी उच्चारला जातो. 'वर्ग'चं 'वग्र' करणाऱ्या मुलाला तो क्रम शिकवावा लागतो, त्यावर छपाईत उपाय नाही.

लांबीचं गणित पानांवरून करू नका. शंभर शब्दांना किती वेळ लागला त्यावरून करा. ती मुलगी मिनिटाला जेमतेम तीस शब्द वाचत होती. दहा मिनिटांनंतर तिचा आवाज बारीक व्हायचा आणि अंदाजाने वाचलेले शब्द वाढायचे, तेव्हा दहा मिनिटं ही तिची बैठक. म्हणजे तीनशे शब्द. त्यातले निम्मे मी कालच्या मजकुराच्या फेरवाचनासाठी ठेवते, म्हणून नवा मजकूर दीडशे शब्दांचा. आता पुस्तकात बघायचं ते हे की दर दीडशे ते तीनशे शब्दांनी थांबण्यासारखी जागा आहे का. छोटं प्रकरण, उपशीर्षक, एका प्राण्याची माहिती संपणं, काहीही चालेल. अशा जागा असतील तर ऐंशी पानांचं पुस्तकही चालतं, आणि जाडसर पुस्तक हातात असण्याची नऊ वर्षांच्या मुलाला वेगळीच ऐट असते. तशा जागा नसतील तर वीस पानंही जास्त. 'दोन पानांत मिटून ठेवतो' असं तुम्ही म्हणता, त्या दोन पानांत किती शब्द होते ते मोजून बघा. बऱ्याचदा मूल आळशीपणा करत नसतं, त्याची बैठक तिथे संपलेली असते. एकाच मालिकेतली पुस्तकंही याच कारणासाठी चांगली. पात्रांची नावं, जागा, ठरावीक शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि दुसऱ्या पुस्तकात ती ओझं राहत नाहीत.

आता ऑडिओची भीती. कानाच्या पुस्तकासाठी ऑडिओ लावला तर वाचन सुटेल असं मी समजत नाही, कारण त्या पुस्तकाचं त्याने वाचन केलंच नसतं. तुमचा मुलगा गोष्टी ऐकतो, हे त्याचं बलस्थान आहे. लिखित मराठीतले शब्द, लांब वाक्यं, गोष्ट कशी वळते याची समज, हे सगळं त्याला कानातूनच मिळणार आहे, आणि ते मिळालं नाही तर उद्या अक्षरं उलगडता आली तरी अर्थ लागणार नाही. तो पाट मोकळा वाहू द्या. त्यावर प्रश्न विचारू नका, 'आता यातलं एक पान वाचून दाखव' असंही म्हणू नका.

डोळ्याच्या पुस्तकाला ऑडिओची जोड देणं हे वेगळं काम आहे आणि ते नीट करावं लागतं. कॅरोल चॉम्स्की या संशोधिकेने १९७६ मध्ये लिहिलेला प्रयोग मला अजूनही उपयोगी वाटतो. वाचनात अडकलेल्या आठ वर्षांच्या मुलांना तिने टेपवर ध्वनिमुद्रित गोष्टी दिल्या आणि तेच पुस्तक समोर धरून पुन्हा पुन्हा ऐकायला सांगितलं, अगदी ते पुस्तक सफाईने वाचता येईपर्यंत. त्यात तेच पुस्तक समोर असणं आणि पुन्हा पुन्हा ऐकणं, या दोन गोष्टींना महत्त्व होतं. आपण बहुतेक वेळा या दोन्ही सोडतो.

सगळ्यात आधी ऑडिओ आणि छापील मजकूर शब्दाला शब्द जुळतो का ते बघा. बरीच ध्वनिमुद्रणं संक्षिप्त केलेली किंवा नाट्यरूप दिलेली असतात. ऐकायला ती छान असतात, पण त्यांच्यामागून बोट फिरवता येत नाही. मग वेग. सरावलेला निवेदक मिनिटाला शंभराहून जास्त शब्द सहज म्हणतो, आणि तुमचा मुलगा तीस वाचत असेल तर त्याचा डोळा पहिल्याच ओळीत मागे पडतो. ऑडिओ थोडा हळू करता येतो, पण फार हळू केला की आवाज ओढल्यासारखा येतो आणि शब्द ओळखू येईनात. म्हणून डोळ्याच्या पुस्तकासाठी मी पालकांनाच फोनवर रेकॉर्ड करायला सांगते. त्याच्या वेगापेक्षा थोडंच पुढे, मिनिटाला चाळीसेक शब्द. शब्द सुटे सुटे म्हणू नका, अर्थाच्या तुकड्यांनी म्हणा: 'समुद्राच्या तळाशी', मग क्षणभर थांबून 'एक मऊ प्राणी', मग 'हळूहळू सरकत होता'. पान संपलं की तसं सांगा. एका रेकॉर्डिंगमध्ये एकाच बैठकीचा मजकूर असू द्या.

मूल खरंच मजकुराच्या मागे जातंय की नुसतं ऐकतंय, हे ओळखायची एक साधी पद्धत आहे. मध्येच अचानक ऑडिओ थांबवा आणि पुढच्या शब्दावर बोट ठेवायला सांगा. बोट त्या शब्दावर किंवा शेजारच्या शब्दावर पडलं तर छान. ओळच चुकली तर एक तर वेग जास्त आहे किंवा तो कंटाळलाय. हे दर बैठकीत दोन-तीनदा, खेळ म्हणून करा. सारखं केलं तर परीक्षा होते.

मी जो क्रम वापरते तो असा: पहिल्या दिवशी बोट फिरवत ऐकणं, एकदा किंवा दोनदा. दुसऱ्या दिवशी ऑडिओसोबत हलक्या आवाजात वाचणं. तिसऱ्या दिवशी ऑडिओ बंद करून तोच मजकूर एकट्याने. तिसऱ्या दिवशी मजकूर पाठ झालेला असू शकतो, म्हणून त्याच तुकड्यातले आठ-दहा शब्द कागदावर उलटसुलट क्रमाने लिहून वाचायला द्या. तिथेही आले तर ते त्याचे झाले. यातूनच तुमच्या भीतीचंही उत्तर मिळेल: ऑडिओ तिसऱ्या दिवशी बंद होणारच आहे, ते पहिल्या दिवशीच सांगून टाका.

यंत्राच्या आवाजाने वाचून दाखवणारी सोयही वापरता येते, पण मराठीत तिच्यावर पूर्ण विसंबू नका. 'चहा'तला च आणि 'चमचा'तला च वेगळा, तसंच 'जग' आणि 'जय' यांतला ज वेगळा, आणि यंत्र इथे कधी कधी घसरतं. ध्वनीचीच अडचण असलेल्या मुलाच्या कानावर चुकीचा उच्चार जायला नको. डिजिटल पुस्तकांत डेझी किंवा ईपब प्रकारची अशी पुस्तकं असतात, ज्यांत वाचला जाणारा मजकूर रंगाने उजळतो. घेताना वाक्य उजळतं की शब्द ते बघा. अक्षरं उलगडण्याच्या टप्प्यावरच्या मुलाला शब्द उजळणारं जास्त उपयोगी पडतं. आणखी एक माहिती असू द्या: २०१३ चा माराकेश करार फक्त अंधांसाठी आहे असा समज असतो, पण त्यात वाचन-अक्षमतेचाही समावेश आहे. त्यामुळे सुगम स्वरूपातली पुस्तकं देणाऱ्या ग्रंथालयांकडे डिस्लेक्सियाच्या निदानाचा कागद घेऊन चौकशी करता येते.

या आठवड्यात सुरुवात करायची तर तीन पुस्तकं निवडा, प्रत्येकातले शंभर शब्द वाचून घ्या, खुणा करा आणि चुकांची कुटुंबं मांडा. एका दिवसात तिन्ही करू नका, तिसऱ्याचा निकाल थकव्याचा येईल. निवडलेल्या पुस्तकातले नवे शंभर शब्द दर दोन आठवड्यांनी ऐका आणि तारीख घालून कागद जपून ठेवा. दोन महिन्यांनी नव्या मजकुरात चुका तेवढ्याच, वेग तेवढाच, आणि कुटुंबंही तीच राहिली असतील तर पुस्तक बदलू नका. ते कागद आणि त्याच्या वाचनाचं रेकॉर्डिंग घेऊन त्याच्या विशेष शिक्षकांकडे जा, कारण मग जे शिकवलं जातंय त्यात बदल हवा आहे.